उन्हात दिवसभर काम करणाऱ्याने काय प्यायचं, काय खायचं, किती आणि केव्हा

उन्हात काम करणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात, भरपूर पाणी पी. सल्ला चुकीचा नाहीये पण अर्धवट आहे. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं, आणि मीठ भरून न काढता नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्त थोडं पातळ होतं, मग शरीराला वाटतं पाणी पुरेसं झालं, तहान लवकर मिटते आणि किडनी ते पाणी बाहेर टाकायला लागते. म्हणजे तुम्ही पिताय, दर तासाला आडोसा शोधताय आणि तरी संध्याकाळी डोकं धरलेलंच असतं. त्यात उन्हाने भूक मरते, मग डबा अर्धा परत येतो, आणि मीठ तर मुख्यतः जेवणातूनच येत असतं. त्यामुळे माझ्या मते उन्हाळ्यातल्या कामाच्या दिवसात बाटलीइतकंच लक्ष डब्याकडे द्यायला हवं. खाली जे लिहिलंय ते धडधाकट मोठ्या माणसासाठी आहे. बीपी, किडनी किंवा हार्टचा त्रास असेल, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा शुगर असेल तर मीठ, साखर आणि पाण्याचे आकडे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, इथले घेऊ नका.

आधी स्वतःचा घाम मोजा

शेजारी काम करणाऱ्याला तीन लिटर पुरतं म्हणून तुम्हाला पुरेल असं नाही. एकाच उन्हात, एकाच कामावर दोन माणसांच्या घामात दुपटीचा फरक सहज पडतो. अंदाजपंचे करण्यापेक्षा वजनकाटा घ्या, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा चालतो.

कामाला लागायच्या आधी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यात वजन करा. मग दोन तास नेहमीसारखं काम करा. या दोन तासात काही खाऊ नका, प्यायलेलं पाणी मोजून ठेवा आणि शक्यतो लघवीला जाऊ नका. नंतर अंग नीट पुसून, घामाचे कपडे काढून परत वजन करा. जेवढं वजन कमी झालं त्यात प्यायलेलं पाणी मिळवलं की तो तुमचा घाम, एक किलो म्हणजे एक लिटर धरा. दोन तास अशासाठी की एका तासातला फरक छोटा असतो आणि काट्याची चूकच त्यापेक्षा मोठी निघू शकते.

आता एक उदाहरण घेऊ आणि पुढे तेच चालवू. समजा माणूस ७० किलोच्या आसपासचा आहे. सकाळी वजन ७०.२, दोन तासांनी ६९.४, मधे एक लिटर पाणी प्यायला. वजन ८०० ग्रॅम कमी झालं, अधिक एक लिटर, म्हणजे घाम १.८ लिटर, तासाला ९०० मिली. दिवसात मधल्या सुट्ट्या वगळून प्रत्यक्ष अंगमेहनत सहा तास होत असेल तर दिवसाचा घाम साधारण ५.४ लिटर. पहिल्यांदा हा आकडा बघून बऱ्याच जणांना काटा बिघडलाय असं वाटतं, पण कडक उन्हात जड काम करणाऱ्याला तासाला एक लिटरच्या आसपास घाम येणं अगदी नेहमीचं आहे. हे माप कडक उन्हाच्या दिवशीच घ्या, ढगाळ दिवशी घेतलेला आकडा उपयोगाचा नाही.

मीठ असं घरी मोजता येत नाही. पण घामाच्या एका लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास मीठ धरून चालता येतं, काहींचं याच्या निम्मं जातं आणि काहींचं दुपटीपेक्षा जास्त. तुम्ही जास्तवाले आहात का हे शर्ट सांगतो, गडद रंगाचा शर्ट वाळल्यावर पाठीवर आणि काखेत पांढरे पट्टे उमटत असतील, घाम डोळ्यात गेला की चांगलीच आग होत असेल, तर तुमचा घाम खारट आहे. आपल्या उदाहरणातल्या माणसाचं दिवसाला साधारण ११ ग्रॅम मीठ गेलं असं धरू. चहाच्या चमच्याने सपाट भरून एक चमचा मीठ म्हणजे सहा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे मीठ नुसतं घामात. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगतं ते नेहमीच्या आयुष्यासाठी. या माणसाचा कामाचा दिवस वेगळा, पण सुट्टीच्या दिवशी सावलीत बसून असाल तेव्हा परत तिथेच यायचं, हे विसरू नका.

सकाळी निघण्याआधी

रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता झालेला असेल तर फार काही वेगळं करायला लागत नाही. उठल्यावर एक ग्लास पाणी, आणि कामाला लागायच्या दीड-दोन तास आधी अर्धा लिटरच्या आसपास हळूहळू प्या. कामावर जाताना दारात उभं राहून एक लिटर घटाघटा पिण्यात अर्थ नाही, शरीर पाणी साठवून ठेवत नाही, तासाभरात बाहेर टाकतं.

नाश्ता मात्र चुकवू नका, आणि त्यात मीठ आणि ओलावा दोन्ही असू द्या. उकडलेली अंडी आणि टोमॅटो, मऊ भात, पातळ खिचडी, दूध घालून ओट्स आणि सोबत काहीतरी खारट, असलं काहीही चालेल. नुसता चहा-बिस्किट हा या कामाचा नाश्ता नाहीच. चहा-कॉफीबद्दल मात्र उगाच भीती घालतात. रोजची सवय असलेल्याला एक-दोन कप चहाने पाणी कमी होत नाही, चहातलं पाणी अंगाला लागतंच. एनर्जी ड्रिंकचं वेगळं आहे, त्यात कॅफिन आणि साखर दोन्ही जास्त, आणि उन्हात हृदय आधीच जोरात धावत असतं, तिथे आणखी चाबूक नको.

बाटल्या दोन प्रकारच्या भरा

एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठासाखरेचं. मिठासाखरेच्या एक लिटरचं प्रमाण असं: पाव चमचा मीठ, सहा सपाट चमचे साखर, एका लिंबाचा रस. चमचा सगळीकडे चहाचा आणि बोटाने किंवा सुरीने सपाट केलेला, ढीग भरलेला नाही. पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ. चव बघितली तर आधी लिंबू लागेल, मग किंचित गोड, आणि मीठ अगदी शेवटी जेमतेम जाणवेल. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालंय, ओतून टाका नाहीतर पाणी वाढवा. शर्टावर पांढरे पट्टे येणाऱ्यांनी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यात नव्याने उन्हात उतरलेल्यांनी मीठ थोडं वाढवावं पण लिटरला अर्ध्या चमच्याच्या पुढे नको. उन्हाची सवय झाल्यावर शरीर घामातलं मीठ बरंचसं परत शोषून घ्यायला शिकतं म्हणून नंतर पाव चमचा पुरतो. बाकी सवय झाली म्हणून घाम कमी होत नाही बरं का, उलट लवकर सुटतो आणि जास्त येतो, म्हणजे पाणी कमी करायचं कारण नाही.

साखर चवीसाठी टाकलेली नाहीये. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं, म्हणून थोडी साखर हवी. थोडीच. साखर वाढवली की उलटं होतं, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूसमधे १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, आपल्या पाण्यात अडीच ग्रॅम आहे. त्यामुळे दुपारी बाटलीभर कोल्ड्रिंक पिऊन पोट जड होतं, ढेकर येतात आणि तहान तशीच राहते. ज्यूस प्यायचाच असेल तर निम्म्यापेक्षा जास्त पाणी घाला आणि चिमूटभर मीठ टाका, काम भागतं.

ओआरएसची पाकिटं रोज प्यावीत का, हे खूप जण विचारतात. ती जुलाबासाठी बनवलेली आहेत, त्यात लिटरला आपल्या पाण्यापेक्षा बरंच जास्त सोडियम असतं. एखाद्या दिवशी खूपच घाम गेला, पायात गोळे आले, जेवण गेलं नाही, तर एक पाकीट जरूर घ्या, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कमी पाण्यात घट्ट करून नाही. रोजच्या तहानेसाठी ते नको. आणि मिठाच्या गोळ्या तर नकोच, त्या रिकाम्या पोटात मळमळ आणतात आणि सोबत पुरेसं पाणी गेलं नाही तर आणखी पंचाईत.

लिंबाचं पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात भरू नका, आंबट पदार्थात धातू उतरतो. चांगली स्टीलची बाटली घ्या. आणि गोड पाण्याची बाटली रात्री उरलेलं ओतून, साबणाने घासून, झाकणाचा रबर काढून धुवायची. बोट फिरवून बघा, रबराखाली बुळबुळीत लागत असेल तर तिथे जंतूंनी संसार थाटलाय.

कामाच्या तासात कसं प्यायचं

घाम तासाला ९०० मिली जातोय म्हणून ९०० प्यायलाच पाहिजे असं नाही, तेवढं पोटालाही झेपत नाही बऱ्याचदा. आपलं उदाहरण: तासाला ७०० मिली, म्हणजे दर २० मिनिटांनी साधारण एक ग्लास, सव्वादोनशे-अडीचशे मिली. सहा तासात ४.२ लिटर. यातलं दोन लिटर मिठासाखरेचं, बाकी साधं. तूट राहिली १.२ लिटर, त्याच्या वजनाच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची तूट शरीर साधारण सांभाळून घेतं, त्यापुढे दम लवकर लागतो, लक्ष उडतं, हात चुकतात. म्हणून तूट दोन टक्क्यांच्या आत ठेवायची, शून्यावर आणायचा अट्टाहास नाही.

तहान लागली की पिऊ, असं उन्हात जमत नाही कारण तहान उशिरा लागते आणि दोन घोटात विझते. फोनवर २० मिनिटांचा अलार्म लावा, किंवा कामाशी बांधून टाका, एक फेरी झाली की एक ग्लास. बाटली सावलीत आणि हाताशी हवी. पन्नास पावलं चालून जायला लागलं की माणूस टाळतो, हे अगदी खात्रीने सांगतो. गार पाणी आपोआप जास्त प्यायलं जातं म्हणून बाटलीला ओलं फडकं गुंडाळा किंवा एक बाटली रात्री पाऊण भरून फ्रीजरमधे आडवी ठेवा आणि सकाळी वरून पाणी भरा. ‘गार पाण्याने गरम-सर्द होतं’ म्हणून मुद्दाम कोमट पिऊन कमी पिण्यात फायदा काहीच नाही.

वरची मर्यादाही पाळा. तासाला दीड लिटरच्या पुढे कधीच जाऊ नका, कितीही ऊन असो. फार पाणी आणि मीठ कमी, यातून रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, आणि सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. ओळखायचं असं: अशा माणसाची लघवी बऱ्याचदा पाण्यासारखी स्वच्छ आणि सारखी होत असते, पोटात पाणी डुचमळतं, बोटं सुजून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होतो, वजन सकाळपेक्षा वाढलेलं असतं. पाणी कमी पडलेल्याचं उलट, तोंड कोरडं, लघवी गडद आणि थोडी, वजन कमी. पहिल्या प्रकारात साधं पाणी लगेच थांबवा, खारट काहीतरी खायला द्या, आणि गोंधळ किंवा उलट्या असतील तर सरळ दवाखाना.

दुपारचा डबा

इथेच खरा फरक पडतो. दोन डबे समोर ठेवून बघू. पहिल्यात २५० ग्रॅम शिजलेला भात, २०० ग्रॅम दही, १५० ग्रॅम काकडी, मीठ घालून कालवलेलं. भातात जवळजवळ ७० टक्के पाणी असतं, दह्यात ८५-८८, काकडीत ९५. हिशोब केला तर १७० अधिक १७५ अधिक १४०, म्हणजे डब्यातूनच अर्धा लिटरच्या जवळ पाणी पोटात गेलं, तेही मीठ आणि अन्नासोबत, त्यामुळे हळूहळू शोषलं जाणारं आणि टिकणारं. दुसऱ्या डब्यात १५० ग्रॅम ब्रेड आणि काहीतरी तळलेलं. यातून पाणी मिळालं जेमतेम ६० मिली, वर तळलेलं पोटात तासन्‌तास बसतं, आणि जेवल्यावर जी तहान लागते ती आधीच्या तुटीवर चढते. दोन्ही जेवणांनी पोट भरतंच, फरक कळतो तो दुपारी तीन-साडेतीनला.

भात-दहीच पाहिजे असं नाही. पातळ डाळ आणि भात, उकडलेला बटाटा, टोमॅटो आणि अंडी कालवून, भाज्या घातलेलं सूप, पास्ता आणि भरपूर टोमॅटो, काहीही, फक्त तीन गोष्टी बघा: ओलं आहे का, खारट आहे का, आणि एका बैठकीत जड होणार नाही ना. पोट तट्ट भरलं की पचनासाठी रक्त पोटाकडे जातं आणि तेच रक्त उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडेही लागत असतं, म्हणून जेवण दोन भागात करा, निम्मं बाराच्या आत, उरलेलं दोन-अडीच तासांनी. मांस-मटणाचं मोठं जेवण रात्री ठेवा, प्रथिनं पचताना अंगात उष्णता जरा जास्त तयार होते.

मधल्या वेळेला कलिंगड, संत्रं, टोमॅटो उत्तम, कलिंगडात ९० टक्क्यांच्या वर पाणी. पण फळात मीठ जवळजवळ नसतंच, म्हणून वर मीठ भुरभुरा किंवा सोबत खारे शेंगदाणे, लोणच्याची फोड असं काही असू द्या. केळ्याचं फार कौतुक होतं पोटॅशियमसाठी, चांगलंच आहे, पण घामात पोटॅशियम थोडंच जातं, सोडियम कितीतरी जास्त. केळी खाऊन पायाचे गोळे जात नाहीत म्हणून वैतागणाऱ्यांना बहुतेक वेळा मीठच कमी पडलेलं असतं.

मिठाचा हिशोब पूर्ण करू. ११ ग्रॅम गेलं, दोन लिटर बाटलीतून तीन आलं, उरलं आठ. नाश्ता, दोन भागातलं दुपारचं जेवण, खारा खाऊ आणि रात्रीचं जेवण, नेहमीसारखं मीठ घालून पोटभर खाल्लं तर हे जवळपास भरतं. यातलं दुपारचं जेवण गळलं की ही बेरीज तुटते आणि मग कितीही प्या. भूक नसेल तेव्हा कोरडं चावण्यापेक्षा मीठ घातलेलं पातळ ताक किंवा गार सूप प्या, ते जातं.

डबा खराब होऊ न देणं

उन्हात ओला डबा म्हणजे जंतूंना आमंत्रण, आणि जुलाब लागले की वरचा सगळा हिशोब पाण्यात. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न थंड न ठेवता एका तासापेक्षा जास्त बाहेर राहू नये. म्हणून थर्मासवाला डबा किंवा इन्सुलेटेड बॅग, आणि त्यात ती गोठवलेली बाटली डब्याला चिकटून. अन्न बॅगेत टाकताना आधीच फ्रीजमधे गार झालेलं हवं, गरम भात गोठलेल्या बाटलीशेजारी ठेवला तर दोघंही कोमट होतात आणि कोमट हीच सगळ्यात वाईट अवस्था. भाताची खास काळजी घ्या, शिजल्यावर तासन्‌तास ओट्यावर राहिलेल्या भातात असं विष तयार होऊ शकतं जे परत गरम करूनही जात नाही आणि वासही येत नाही. रात्री शिजवला असेल तर पसरट भांड्यात पटकन गार करून फ्रीजमधे टाका. दुपारी डबा उघडल्यावर बाटलीत अजून बर्फाचा तुकडा असेल तर अन्न ठीक राहिलंय. बर्फ जाऊन पाणीही कोमट झालं असेल तर त्या दिवशी भात आणि बाकी शिजवलेलं, दही, अंडी, मांस सोडून द्या. कलिंगडही कापून नेलं तर गारच हवं, संत्र्याला हा त्रास नाही.

घरी आल्यावर

१.२ लिटरची तूट आहे, पण तेवढंच पिऊन भागत नाही कारण त्यातलं काही लघवीतून जाणार. दीडपट धरा, साधारण १.८ लिटर, झोपेपर्यंतच्या चार-पाच तासात, जेवणातलं सूप-डाळ-फळ सगळं त्यात मोजून. आल्या आल्या एकदम एक लिटर नको, आधी एक-दोन ग्लास, मग जेवण, मग उरलेलं. दारू याच वेळेला सगळ्यात घातक, शरीर पाणी धरून ठेवायला बघतंय आणि ती ते सोडायला लावते. दुसऱ्या दिवशी तूट घेऊनच कामावर जाल.

जमलं की नाही हे सकाळी कळतं. उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. नेहमीच्या सकाळच्या वजनापेक्षा एक टक्क्याहून जास्त कमी, म्हणजे आपल्या माणसाचं ७०० ग्रॅमपेक्षा जास्त, आणि पहिली लघवी गडद पिवळी असेल तर काल कमी पडलंय. एकटा रंग बघून ठरवू नका, बी व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी लघवी भडक पिवळी होते आणि काही भाज्या-औषधांनीही रंग बदलतो. वजन, रंग आणि तहान, तिघांपैकी दोन सांगत असतील तर नाश्त्यासोबत एक ग्लास मिठासाखरेचं वाढवा आणि त्या दिवशी दुपारचा डबा आधी बघा, बहुतेक तो परत आलेला असतो.

एक गोष्ट मात्र खाण्यापिण्याने सुटत नाही. कुणी असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, कोसळला, अंग तापून लाल झालंय, घाम येत असो किंवा नसो, तर तो उष्माघात समजा. पाजत बसू नका, शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी तर अजिबात घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाईल. ॲम्ब्युलन्सला फोन करा, सावलीत घ्या, कपडे सैल करा आणि सगळ्या अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला, मदत येईपर्यंत थांबू नका.